एक जीबीची मर्यादा

आमच्या घरात मोबाइलचा डॉक्टर मीच. पदवी कुणी दिली नाही, मी स्वतःच घेतली. मुखेडच्या एका शाळेत क्लार्क असल्यामुळे समोर कॉम्प्युटर असतो, आणि कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला मोबाइलमधलं सगळं कळतं असा आमच्या गल्लीचा समज आहे. तो समज मी मोठ्या मेहनतीनं जपला. कुणाचा फोन हातात आला की आधी भुवया वर करायच्या, मग "हं" म्हणायचं, मग सेटिंगमध्ये शिरून चार गोष्टी बंद, दोन चालू करायच्या. पेशंट बरा झाला तर श्रेय माझं. नाही झाला तर कंपनी चोर.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू येत नसलेला. लहानपणी त्याला नांदेडला मूकबधिरांच्या निवासी शाळेत घातलं, तिथून तो दोन गोष्टी घेऊन आला: शिवणकाम आणि हातांची भाषा. शिवणकाम त्याला इतकं जमलं की मुखेडच्या बाजारपेठेत त्याचं स्वतःचं छोटं दुकान आहे आणि लग्नसराईत बायका त्याच्याकडे ब्लाउजसाठी नंबर लावतात. हातांची भाषा मात्र घरात कुणाला धड आली नाही. आईला आणि मला कामापुरती येते. जेवलास का, कुठे चाललास, पैसे दे. मी खुणा करायला लागलो की भाऊ गालातल्या गालात हसतो. त्याच्या शाळेतला एक मित्र एकदा घरी आला होता. त्यानं मला बोलताना पाहिलं आणि भावाला काहीतरी विचारलं. मी विचारलं, काय म्हणतो? भाऊ सांगेना. फार मागे लागल्यावर त्यानं कागदावर लिहून दिलं: "दादा तोतरा?"

तर अशा भावाला लातूरचं स्थळ आलं.

मुलगीही ऐकू न येणारी. लातूरला एका छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर पत्रिका आणि बॅनर करायची. वडील धान्याचे व्यापारी, घरात सकाळची शिवपूजा झाल्याशिवाय चहा न घेणारी माणसं. आमचीही तीच रीत, त्यामुळे मोठ्या माणसांचं लगेच जमलं. पण आम्ही बघायला गेलो तेव्हा मुलीनं अट घातली. ती आमच्याशी तिच्या मोठ्या बहिणीमार्फत बोलली. बहिणीला ऐकू येतं आणि धाकटीसाठी तिनं लहानपणापासून खुणा शिकलेल्या. बहीण म्हणाली, "दादा, ती म्हणते दोन महिने रोज संध्याकाळी आम्ही दोघं बोलू. व्हिडिओ कॉलवर. मग ती हो का नाही ते सांगेल. तवर सुपारी न्हाई, काही न्हाई."

आईला हे पटलं नाही. घरी येताना एसटीत ती म्हणाली, "बोलायचं काय दोन महिने? आमच्या वेळी तोंड बघितलं न्हाई, तरी झालंच की सगळं."

मी म्हणालो, "आई, तुझ्या वेळी डेटा नव्हता."

मी लगेच भावाच्या नंबरवर दिवसाला दोन जीबीचं रिचार्ज मारलं आणि दोन बोटं नाचवून त्याला सांगितलं: दोन. भरपूर. बोल किती बोलायचं ते. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

संध्याकाळी साडेसातला तो दुकानाचं शटर अर्धं ओढायचा. मशीनवर रिळांचा डबा, डब्याला टेकवून फोन, वर डोक्यावर बल्ब. दोन्ही हात मोकळे पाहिजेत ना. आपण फोन हातात धरून बोलतो, त्यांना फोन धरला तर बोलताच येत नाही. मी कधी दुकानावरून जाताना खाली वाकून बघायचो. त्याचे हात इतके भराभर चाललेले मी घरात कधी पाहिले नव्हते. आमच्यासमोर तो सावकाश, मोठ्या अक्षरात बोलतो, पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं. तिच्याशी तो खरा बोलत होता. कधी हसून मान मागे टाकायचा. मी निघून यायचो, कारण मला त्यातलं एक वाक्य कळायचं नाही आणि तरी चोरून ऐकल्यासारखं वाटायचं.

पहिला आठवडा बरा गेला, तेव्हा लाजत लाजत दहापंधरा मिनिटांतच आटपायचं. नंतर एका संध्याकाळी तो घरी आला आणि ताटावर बसायच्या आधी फोन माझ्यापुढे धरला. वरच्या पट्टीत मोबाइल डेटाचं बटण बंद. त्यानं खुणेनं सांगितलं: मी केलं नाही. बोलता बोलता आपोआप गेलं. चालू केलं, मिनिटभर चाललं, परत गेलं.

मी भुवया वर केल्या आणि "हं" म्हणालो.

पहिल्या दिवशी मी सिमकार्ड काढून खोडरबरनं पुसलं. हा आमच्याकडचा जुना इलाज आहे, त्यानं काही होत नाही, पण डॉक्टरनं हात लावला असं पेशंटला वाटतं. सकाळी त्यानं बटण चालू केलं, दिवसभर डेटा चालला. मी शाळेत दोघातिघांना सांगितलं की काँटॅक्ट खराब झाला होता. संध्याकाळी सव्वाआठला डेटा परत गेला.

दुसऱ्या खेपेला मला बॅटरी सेव्हर सापडला. दुकानात दुपारी लाइट जाते, संध्याकाळपर्यंत चार्जिंग वीस टक्क्यांवर येतं, आणि तिथं आलं की बॅटरी सेव्हर आपसूक चालू होऊन मागे चालणारं सगळं आवळतो. शिवाय बॅटरीच्याच पानावर आणखी एक ओळ होती: फोन लॉक झाल्यावर दहा मिनिटांनी मोबाइल डेटा बंद. मी दोन्ही बंद केले. याचा एक फायदा खरंच झाला. ती आधी कॉल करायची तेव्हा कधी कधी याचा फोन थरथरायचाच नाही, तो आता थरथरू लागला. म्हणजे एक रोग होता आणि तो बरा झाला. पण आम्ही ज्या रोगासाठी आलो होतो तो वेगळाच. लॉक झाल्यावर डेटा जाणं वेगळं, आणि समोर चेहरा दिसत असताना, बोलणं चालू असताना जाणं वेगळं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बोलत असताना फोन लॉक कुठून होणार? पण मी विजयाच्या धुंदीत होतो. आईला म्हणालो, "झालं. बॅटरीचं होतं."

आई म्हणाली, "तुला सापडलं म्हंजे आता आणखी बिघडणार."

दोन दिवसांनी पुन्हा गेला. भावानं या वेळी फोन माझ्यापुढे धरला नाही, नुसता ठेवला.

आता मी म्हटलं, हे वेळेवर जातंय, म्हणजे कुठंतरी वेळापत्रक लावलेलं असणार. फोनमध्ये अमुक वाजता हे बंद, तमुक वाजता ते चालू, असं लावता येतं. मी शोधायला बसलो. बॅटरी सेव्हरचं वेळापत्रक रिकामं. फोन आपोआप बंद-चालू व्हायचं वेळापत्रक बंदच होतं. एका ठिकाणी रात्री दहा ते सकाळी सहा असं काहीतरी लावलेलं दिसलं, ते मी उडवलं. त्याच्या शेजारी पहाटे पाचचं एक होतं, तेही उडवलं, म्हटलं शंका नको.

पहाटे पाचचं होतं ते त्याचं उठायचं होतं. उशीखाली फोन जोरजोरात थरथरतो आणि त्याला जाग येते. दुसऱ्या दिवशी तो साडेसातपर्यंत झोपला. एका नवरीचे चार ब्लाउज सकाळी नऊला द्यायचे होते. नवरीचा मामा दुकानासमोर उभा राहून जे बोलला ते भावाला ऐकू आलं नाही, पण मामाचं तोंड दिसत होतंच. संध्याकाळी सव्वाआठच्या सुमारास डेटा नेहमीप्रमाणे गेला.

मी शाळेचा माणूस, म्हणून मग हजेरीपटासारखा कागद आखला. तारीख, कॉल सुरू, डेटा बंद. मंगळवारी आठ दहा. बुधवारी सात पन्नास. त्या दिवशी दुपारभर लाइट नव्हती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गुरुवारी आठ पंचवीस. बाजाराच्या दिवशी मात्र गेलाच नाही. दीड तास बोलले. मी कागदाकडे बघून ठरवलं की बाजाराच्या दिवशी टॉवरवर कंपनी जास्त जोर देत असेल. रिचार्ज किती उरलं ते पाहिलं तर रोज रात्री दोनातलं एक जीबी शिल्लक दिसायचं. माल आहे आणि मिळत नाही. मी कंपनीच्या नावानं बोटं मोडली, ग्राहक सेवेला फोन केला. बाईनं फार गोड आवाजात सांगितलं, "सर, आमच्याकडून तुमचा डेटा चालू आहे. फोनमधली सेटिंग एकदा बघून घ्या."

मला राग आला. फोनमधली सेटिंग मी बघत नाही तर कोण बघतंय?

इकडे काय होत होतं ते मला उशिरा कळलं, आणि तेही भावानं लिहून दाखवलं तेव्हा. खुणांनी बोलणाऱ्या लोकांत एक गोष्ट फार वाईट समजतात. समोरचा बोलत असताना डोळे मिटणं किंवा तोंड फिरवणं. आपण कानांवर हात ठेवतो तसं. त्यांच्या शाळेत भांडणात पोरं शिव्या देत नसत, डोळे मिटत. वसतिगृहात रात्री कुणी बोलत असताना दुसऱ्यानं दिवा बंद केला की दोघं चार दिवस बोलत नसत. आता बघा, बोलायला सुरुवात होते ती जेवण, काम, दिवस कसा गेला इथून. महत्त्वाचं येतं अर्ध्यापाऊण तासानंतर. म्हणजे दर वेळी ती काहीतरी मनातलं विचारायला हात उचलायची आणि यानं दिवा विझवायचा. तिच्या पडद्यावर याचा चेहरा अर्धवट थांबायचा आणि जायचा.

त्यानं तिला साध्या मेसेजवर लिहिलं होतं, डेटा आपोआप बंद होतो. तिचं उत्तर त्यानं मला दाखवलं. "माझा होत नाही. आपोआप काही होत नाही. कोणीतरी करतो."

मी म्हणालो, "चिडली आहे, होईल शांत." खुणेनं म्हणालो, म्हणजे 'शांत'च्या जागी बहुतेक 'झोप' म्हणालो. 

दीड महिना झाला होता. एका रविवारी सकाळी तिच्या वडिलांचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"भाऊ, पोरगी न्हाई म्हणून राहिली."

"काय झालं पण?"

"आता मला तरी कुठं सगळं कळतं? ती म्हणते माणूस चांगलाय, पण बोलू देत न्हाई. मोठी समजावून राहिली तिला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी दुकानात गेलो. भावाला आधीच कळलं होतं. रविवार, दुकान बंद, तरी तो आत बसून एका झब्ब्याला काज करत होता. मी हात पुढे केला, त्यानं न बघता खिशातून फोन काढून दिला. आता त्याला त्या फोनचं काही पडलं नव्हतं.

मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि पहिल्यांदाच डॉक्टरकी सोडून नुसतं बघायला लागलो. बॅटरी नाही, वेळापत्रक नाही. मग डेटा वापराचं पान. तिथं रोजच्या वापराचे उभे पट्टे असतात, ज्या दिवशी जास्त त्या दिवशी उंच, कमी त्या दिवशी बुटका. मला वाटलं उंचसखल दिसतील. पण गेल्या महिन्याभराचे जवळपास सगळे पट्टे एकाच उंचीचे होते. कात्रीनं वरून एका रेषेत कापल्यासारखे. एक जीबी. एक जीबी. एक जीबी आणि वर थोडंसं. बाजाराच्या दिवसांचे तेवढे बुटके होते, कारण त्या दिवशी दुकानात गर्दी, दिवसभर व्हिडिओ बघायला त्याला सवडच नसायची, संध्याकाळच्या कॉलला भरपूर उरायचं. ज्या दिवशी गिऱ्हाईक नाही त्या दिवशी तो दुपारभर गळ्याचे नवे डिझाइन बघत बसायचा, आणि बोलता बोलता एक जीबी लवकर भरायचं.

खाली एक ओळ होती. रोजची मर्यादा: एक जीबी. मर्यादा संपल्यावर मोबाइल डेटा बंद करा. चालू.

मला ती ओळ ओळखीची वाटली. हस्ताक्षर ओळखीचं वाटावं तशी.

आदल्या वर्षी दिवाळीनंतर आई माझ्यामागे लागली होती. "दिसभर फोनात मुंडकं घालून बसतंय. डोळे जातील त्याचे. कान तर न्हाईतच. तू कायतरी कर की, तुला येतंय ना सगळं." मग एकदा तो आंघोळीला गेला असताना मी त्याचा फोन घेतला आणि पाच मिनिटांत मर्यादा लावली. मर्यादा संपली की फोन तसं सांगतो, ती सूचनाही मी बंद करून टाकली, त्याला कळू नये म्हणून. त्यानं दोनचार दिवस विचारलं, डेटा का जातो? मी खुणेनं म्हणालो, कंपनी. मुखेड. टॉवर. त्यानं मान डोलवली, मी विसरून गेलो. असे परोपकार मी गावातल्या बऱ्याच फोनांत करून ठेवलेत. मावशीच्या, शिपायाच्या, शेजारच्या काकांच्या. करायचं आणि विसरायचं. नंतर दोन जीबीचं रिचार्ज मारताना मी दोन बोटं नाचवली तीही याच हाताची.

भाऊ काज करतच होता. त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. मी मर्यादेचं बटण बंद केलं, त्या पानाचा फोटो स्वतःच्या फोनवर पाठवून घेतला आणि ठरवलं की आधी लातूरला जायचं. तिथं जाऊन दुरुस्त करायचं, मग येऊन याला गोड बातमीसकट सांगायचं. आताही माझ्या डोक्यात दुरुस्तीच होती, बघा.

दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकून मी जळकोटवरून जाणारी एसटी धरली. वाटेत भाषणाची तयारी केली. लातूरला तिच्या घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. खाली दुकान, वर घर. वडील कपाळावरचे विभूतीचे पट्टे सांभाळत जिन्यानं वर आले, पाणी दिलं, चहा सांगितला. मोठी बहीण माझ्यासाठी माहेरी येऊन बसली होती. मुलगी छपाईच्या दुकानातून जेवणाच्या सुट्टीत आली, हाताला शाई होती. माझ्यासमोर बसली.

मी सगळं सांगितलं. बहीण हातांनी सांगत गेली. पट्ट्यांचा फोटो दाखवला. मुलीनं फोन हातात घेतला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघितला. तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं. तिनं बोटानं बाजाराचे बुटके पट्टे दाखवले आणि बहिणीला काही म्हणाली.

"म्हणते, या दिवशी आम्ही लई बोललो होतो."

"हो," मी म्हणालो. "दोष त्याचा नाही, हेच सांगायला आलो. शंभर टक्के माझा आहे. आता काढून टाकलंय."

तिनं हात हलवले. बहिणीनं विचारलं, "दादा, ती विचारते, हे कधी लावलं तुम्ही?"

"मागच्या वर्षी."

"त्याला माहीत होतं?"

"नाही."

"त्यानं विचारलं न्हाई, का जातं म्हणून?"

"विचारलं. मी कंपनीचं नाव सांगितलं."

बहीण हे सांगताना थोडी अडखळली. वडील जमिनीकडे बघत होते. मुलीनं फोन माझ्याकडे परत दिला, आणि मग सावकाश बोलायला लागली. माझ्यासाठी सावकाश, माझा भाऊ बोलतो तसं. मला त्यातलं निम्मं बहिणीच्या आधीच कळलं.

बहीण म्हणाली, "ती म्हणते, तुम्ही आलात, खरं सांगितलं, तिचा राग गेला. तो मुद्दाम करत नव्हता, हे कळून बरं वाटलं तिला. पण..." ती थांबली. "सांगू का, दादा?"

"सांग."

"ती म्हणते, मी त्याला तीन वेळा एकच विचारलं होतं. तुमच्या घरात तुझं कोण ठरवतं? तू की दुसरं कुणी? तीनही वेळा फोन बंद झाला. आज उत्तर आलं."

मी म्हणालो की तसं नाही, त्याचं दुकान आहे, तो कमावतो, आईचं वय झालं, मी मूर्ख आहे. शेवटचं बहिणीनं सांगितल्यावर मुलगी किंचित हसली. पण मान नाहीच म्हणून हलवली.

"ती म्हणते, महिनाभर फोन बिघडला आणि तो दर वेळी तुमच्या हातात देत गेला. स्वतः उघडून बघितलं न्हाई. मी आले तर माझाही फोन तुमच्याच हातात देईल."

वडील म्हणाले, "चहा घ्या भाऊ, गार होऊन राहिला." मी घेतला. खाली उतरताना ते दुकानाच्या पायरीपर्यंत आले. म्हणाले, "आमचं तरी काय वेगळं? तिच्या वतीनं स्थळांशी पाच वरसं मीच बोलून राहिलो. आता ती आमचंबी ऐकत न्हाई. बरंच हाय म्हणायचं."

परतीच्या एसटीत मला पुढची सीट मिळाली होती, पण खिडकीबाहेर काय होतं ते मला आठवत नाही. भाषण तयार करायला काही उरलं नव्हतं.

मुखेडला उतरून मी सरळ दुकानात गेलो. साडेसात वाजले होते. शटर पूर्ण उघडं, तो एका पँटची उंची मोजत होता. मी समोर उभा राहिलो आणि बोलायला लागलो. तोतऱ्यासारखं, हाताशी जी खूण येईल ती वापरून. मी. तुझा फोन. मागचं वर्ष, दिवाळीनंतर. कुलूप. मर्यादेला खूण मला माहीत नव्हती, म्हणून कुलूप म्हणालो. तू आंघोळीला. आईचं नाव मी मध्ये आणलं नाही. मी केलं. डेटा मी बंद करत होतो. लातूरला जाऊन आलो. ती नाही म्हणते. चूक माझी.

त्यानं टेप गळ्यातून काढून मशीनवर ठेवला. मला वाटलं मारेल, आणि मारलं तर बरं होईल असंही वाटलं. त्यानं विचारलं: दिवाळीनंतर? कधी?

मी महिना सांगितला.

तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मग कागद ओढून लिहिलं. त्याच्या शाळेतल्या दहाबारा जणांचा दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओवर एक गप्पांचा बैठकवजा कार्यक्रम असायचा. एक हदगावात, एक देगलूरला, काही पुण्यात. सगळे आपापल्या कामात, आठवड्यातून तेवढंच बोलणं. रविवारी दुकान बंद, तो दिवसभर व्हिडिओ बघणार आणि संध्याकाळी त्यांच्यातून अर्ध्यात गायब होणार. ते चिडवायला लागले. मग रागवायला लागले. शेवटी त्यानंच जाणं सोडलं. मला आठवलं, तो रविवारी संध्याकाळी आजकाल घरीच बसतो, आणि आई त्याला म्हणायची, बघ, बरं झालं, फोन सुटला.

हे त्यानं फार कमी शब्दांत लिहिलं होतं. "मित्र रविवार. मी अर्धा पळतो. मित्र राग. मी बंद." खाली पुन्हा तोच महिना लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला.

मी कागद हातात धरून उभा होतो. लातूरची मुलगी गेली, ते मला मोजता येत होतं. हे वर्षभराचे रविवार कुठं जमा होते ते मला माहीतच नव्हतं.

त्यानं खिशातून फोन काढला. सवयीनं मी हात पुढे केला. त्यानं फोन दिला नाही. स्वतःच्या हातात धरून त्यानं पडदा माझ्यासमोर केला आणि खुणेनं विचारलं: आणखी काय काय लावलं आहेस? दाखव. हात लावू नको. नुसतं बोट दाखव.

मी बोट दाखवत गेलो. बॅटरी. हे मी बंद केलं, तुला पाहिजे तर चालू कर. वेळापत्रक. इथं तुझं पहाटेचं होतं, मी उडवलं. तो ते आधीच परत लावून बसला होता. डेटा वापर. मर्यादा, बंद आहे. प्रत्येक पानावर तो थांबून नीट वाचायचा, मला समजावून सांगायला लावायचा आणि मग स्वतः दाबायचा. बॅटरी सेव्हर त्यानं परत चालू ठेवला, पण दहा टक्क्यांवर आणला. लॉक झाल्यावर डेटा बंद होण्याची ओळ त्यानं दोनदा वाचली आणि 'कधीच नाही'वर ठेवली. तासभर लागला. एका गिऱ्हाइकानं येऊन पँट मागितली, त्याला त्यानं उद्या ये म्हणून बोटानं सांगितलं.

शेवटी त्यानं फोनला नवं कुलूप घातलं. आकडे टाकताना पडदा स्वतःकडे फिरवला. मी शटरकडे बघितलं.

घरी पोचल्यावर आईनं विचारलं, "सापडलं का फोनात काय बिघडलं होतं ते?"

"सापडलं," मी म्हणालो. "दुरुस्त त्यानंच केलं."

"आन् लातूरचं?"

भाऊ पाय धूत होता. त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मी आईला सांगायला तोंड उघडलं, मग थांबलो आणि त्याच्या खांद्याला हात लावला. आई विचारते आहे, तूच सांग, म्हणालो. त्यानं पाय पुसले, आईसमोर येऊन बसला आणि हातांनी सावकाश सांगायला लागला. आई मध्येच माझ्याकडे बघायची, "काय म्हणतोय रे?" म्हणून. मी त्याच्याकडे बोट दाखवायचो. तिला पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.